सत्त्याण्णव टक्के आणि मुक्ताबाई

मुक्ताबाईंबद्दल लिहायला मला तोंड नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण बाकी कुणी लिहिणार नाही. ज्यांनी लिहावं त्यांना त्या आता आठवतही नाहीत, आणि ज्यांना आठवतात त्या पाच बायकांना लिहायला वेळ नाही. तेव्हा मीच लिहितो. वाचताना कुठं माझी दया आली तर ती आवरा, ती माझ्या वाट्याची नाही.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं ऑफिस आहे. दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. ॲपवर आम्ही शेतीचं, गोठ्याचं आणि घरातलं सामान विकतो. म्हणजे विकतात ते छोटे दुकानदार, आम्ही मधे उभे राहतो. दौंडपासून अकलूजपर्यंतचे दुकानदार मोबाईलवरून मालाचा फोटो, नाव आणि भाव पाठवतात. तो माल ॲपमध्ये नेमका कुठल्या कप्प्यात दिसायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. असे कप्पे, म्हणजे कॅटेगरी, दोनशे बारा आहेत. काळा वीस एमएमचा पाइप ठिबकच्या कप्प्यात टाकायचा की वायरिंगच्या, हे चुकलं की गिऱ्हाईक शोधून शोधून दमतं आणि दुसरीकडं जातं. औषध-फवारणीच्या मालाला तर परवान्याचा कागद पाहिल्याशिवाय पुढं सोडायचंच नाही. तो मालच भलत्या कप्प्यात गेला, तर कागद मागायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे ठरवायचं काम कॅटलॉग विभागात सहा बायका करायच्या, आणि मुक्ताबाई त्यांच्यातल्या मुख्य. नेमणुकीच्या पत्रावर तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण होत्या.

त्रेचाळीस वर्षांच्या, काटेवाडीच्या. घरची बागायत. नवरा भाजीपाला करतो आणि माल घेऊन स्वतः मंडईत जातो. घरात कशाला कमी नव्हतं, त्यामुळं 'कशाला जातीस त्या खुर्चीवर बसायला' हे सासूनं रोज विचारायचं आणि यांनी रोज स्कूटीला किक मारायची, असं पाच वर्षं चाललं होतं. बाहेरून बी.ए. केलेलं, मराठी टायपिंग वाऱ्यासारखं. कंपनी सुरू झाली तेव्हा ॲपमध्ये चौतीस कप्पे होते, कुणा बाहेरच्या माणसानं काढून दिलेले. त्यात 'पशुपालन' हा एकच कप्पा होता. मुक्ताबाईंनी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला विचारलं होतं, "दावं, वैरणीची कुट्टी आन् धारंची बादली एकाच फळीवर मांडणारा दुकानदार तुमी बघितलाय का कुठं?" त्या एका प्रश्नातून पुढची पावणेदोनशे नावं निघाली.

त्या काही फार गोड बाई नव्हत्या. प्रतिक्षा नावाची बावीस वर्षांची मुलगी त्यांच्या हाताखाली होती, तिला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर रडवलं होतं. तिनं शेळीच्या पिल्लाची दुधाची बाटली 'लहान बाळ' या कप्प्यात टाकली होती. दुकानदारांना फोनवर तर त्या अशा झापायच्या की आम्ही काम थांबवून ऐकायचो. "आवं भाऊ, फोटूत तुमचा अंगठाच दिसतुया निस्ता. अंगठा विकायचाय का?" त्यांचा डूख वाईट होता. एकदा मी त्यांचा चहाचा कप चुकून उचलला तर महिनाभर त्यांनी मला 'सर' म्हणताना जो सूर लावला, तो शिवीपेक्षा वाईट होता.

पण माल मात्र त्यांना कळायचा. फोटोतल्या स्टीलच्या कॅनचं झाकण बघून त्या सांगायच्या की हा डेअरीला दूध घालायचा आहे, घरी तेल ठेवायचा नाही. नावात दोन्हीकडं लिहिलेलं असायचं 'स्टील कॅन १० लि.' आणि बाकी काही नाही.

आता यात एक गोष्ट आहे, ती नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावर उलटलं.

ॲपचा नियम होता की मालाचं वर्णन किमान आठ शब्दांचं हवं, नाहीतर तो माल ॲपवर दिसत नाही. आमचे दुकानदार वर्णन लिहीत नाहीत. कोरं ठेवतात, फार तर स्वतःचा मोबाईल नंबर टाकतात. म्हणून मुक्ताबाईंनी एक पद्धत पाडली होती. आधी कप्पा ठरवायचा, मग त्या कप्प्याचं एक तयार वाक्य वर्णनाच्या जागी डकवायचं. दोनशे बारा कप्पे, दोनशे बारा वाक्यं. सगळी त्यांची स्वतःची. धारेच्या बादलीला 'हाताला हलकी, बुडाला जड, जनावर बुजणार नाही असा आवाज.' विळ्या-खुरप्यांना 'मूठ घामानं निसटत नाही, धार लावायला कानस चालते.' मी पुण्यात शिकलो, जाहिरातींची भाषा पोटभर ऐकली, पण असली वाक्यं मी कुठं वाचली नव्हती. बाकीच्या पाचजणींच्या फोनमध्ये ती जपून ठेवलेली असायची. दुकानदारानं चुकून स्वतः चार शब्द लिहिलेले असले तरी त्यावर हेच डकवलं जायचं आणि मूळचं पुसलं जायचं. डेटाबेसमध्ये जुनं राखून ठेवायची सोयच कुणी केली नव्हती.

एरवी मी ॲपचं कोडिंग बघायचो; या विभागात आलो तो मदत करायला. खरंच मदत करायला, हे मी अजूनही स्वतःला सांगतो. आमचे मॅनेजर अविराज सर, मालकांचे भाचे. त्यांनी काम दिलं ते असं: मालाचं नाव आणि वर्णन वाचून कॉम्प्युटरनं तीन कप्पे सुचवायचे, बायकांनी त्यातला बरोबर असेल त्यावर बोट ठेवायचं. दिवसाला दोनशेऐवजी चारशे माल निघतील. मुक्ताबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी चाकरीला गडी ठिवताय व्हय आमच्या? ठिवा की." आणि खूश झाल्या.

दोन आठवडे त्या माझ्याशेजारी बसल्या. ॲपवर तेव्हा चालू असलेल्या अठ्ठेचाळीस हजार मालांची यादी होती, प्रत्येकासमोर त्यांच्या विभागानं ठरवलेला कप्पा. असा तयार उत्तरांचा साठा मिळायला लोक तरसतात. मला तो पाच वर्षांच्या मेहनतीसकट फुकटात मिळाला. कुठल्या दोन कप्प्यांत सरमिसळ होते, कुठली जुनी नावं आता बंद आहेत, हे त्या बोटानं दाखवायच्या आणि मी पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या भाषेत, दुरुस्त करायचो. त्याच दिवसांत एकदा स्क्रीनकडं बघत त्या म्हणाल्या होत्या, "वर्णन आमचंच असतंय बरं का, सर. दुकानदाराचं नसतंय." मी मान हलवली. माझ्या एका कानात इअरफोन होता.

काम तसं अवघड नव्हतं. नाव आणि वर्णन जोडून एक ओळ करायची. तिचे शब्द सुटे करायचे. पहिल्यांदा मी लायब्ररीतली, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडमधली, तयार पद्धत वापरली तर तिनं मराठी शब्द प्रत्येक काना-मात्रेपाशी तोडून टाकले, कारण ती इंग्रजीचा विचार करून बनलेली. मग जिथं मोकळी जागा असेल तिथंच तोड असं तिला बजावलं. त्यानंतर प्रत्येक शब्दाचं वजन काढायचं. सगळीकडं येणारा शब्द हलका, मोजक्या ठिकाणी येणारा जड. मग ऐंशी टक्के माल मॉडेलला, म्हणजे शिकणाऱ्या प्रोग्रामला, उत्तरासकट दाखवायचा. ते प्रत्येक कप्प्यासाठी शिकत जातं, कुठला शब्द दिसला की या कप्प्याकडं झुकायचं आणि कुठला दिसला की लांब जायचं. उरलेला वीस टक्के माल उत्तर झाकून विचारायचा आणि किती बरोबर आलं ते मोजायचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी ही वाटणी यादीतून कशीही होते, पण प्रत्येक कप्प्याचा वाटा दोन्हीकडं सारखा राहील असं मी बघितलं होतं. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं.

उत्तर आलं, शहाण्णव पूर्णांक आठ.

मी खुर्चीवरून उठलोच. अविराज सरांनी पेढे मागवले. ते 'सत्त्याण्णव' म्हणाले, मी दुरुस्त केलं नाही. मुक्ताबाईंनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला पदराच्या टोकात बांधला. "छकुलीला न्हेते," म्हणाल्या. छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, आठवीतली. "तिला सांगते, आयनं कॉम्प्युटरला शिकीवलं म्हणून."

बुधवारी हे झालं. पुढच्या मंगळवारी मालकांसमोर सादरीकरण होतं. शुक्रवारी मला जरा शंका आली, तीही आळसातून आली. सादरीकरणात एक चित्र हवं होतं, की बघा, 'धारेची भांडी' हा कप्पा ओळखताना मॉडेल कुठल्या शब्दांना सर्वांत जास्त वजन देतं. मला वाटलं, बादली, किटली, कॅन असे शब्द येतील आणि मालकांना बरं वाटेल. मी यादी काढली. पहिला शब्द आला 'बुजणार'. मग 'बुडाला'. मग 'हलकी'. बादली सतराव्या नंबरवर होती.

खुरप्यांचा कप्पा काढला. 'घामानं', 'निसटत', 'कानस'. मी एकामागून एक कप्पे उघडत गेलो. माझं मॉडेल माल ओळखायला कधी शिकलंच नव्हतं. ते मुक्ताबाईंची वाक्यं ओळखत होतं. उत्तर ठरल्यावर त्यांनी जे डकवलं, तेच मी प्रश्नात घालून विचारत होतो, आणि परीक्षेच्या वीस टक्क्यांतही तीच दोनशे बारा वाक्यं बसलेली होती. प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापलेलं. शहाण्णव काय, शंभर का आले नाहीत हेच नवल.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वर्णन काढून टाकलं आणि फक्त नावावर पुन्हा शिकवलं. अडुसष्ट आले. पहिल्या तीन सूचनांत बरोबर कप्पा असण्याचं प्रमाण चौऱ्याऐंशी. शनिवारी सकाळी आलेले दोनशे नवे माल, बायकांनी हात लावायच्या आधी, मी बाजूला घेतले आणि जुन्या मॉडेलला विचारले. संध्याकाळी बायकांच्या उत्तरांशी ताडून पाहिले. दोनशेपैकी एकशे सतरा बरोबर.

आता अडुसष्ट आणि चौऱ्याऐंशी हे वाईट आकडे नाहीत. ठरलेल्या कामाला ते पुरेसे होते. तीन कप्पे सुचवायचे, बाईनं एकावर बोट ठेवायचं, नसेल तर स्वतः शोधायचं. काम खरोखर हलकं झालं असतं आणि सहाही खुर्च्या जागेवर राहिल्या असत्या. पण तोवर सत्त्याण्णव हा आकडा मालकांच्या घरापर्यंत गेला होता, आणि सत्त्याण्णव टक्के बरोबर सांगणाऱ्या यंत्राला सहा बायका कशाला लागतात, हा प्रश्न अविराज सर सोमवारीच माझ्या टेबलाला टेकून विचारून गेले होते. मला प्रश्न कळला होता. सादरीकरणात मी सहावं पान घातलं. त्यावर अडुसष्ट लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. माझी पूर्ण तयारी होती सांगायची.

मंगळवारी मीटिंगला मालक आले. अविराज सरांनी सुरुवातच अशी केली, "पुण्याच्या कंपनीनं आठ महिने मागितले होते. आपल्या बारामतीच्या पोरानं सहा आठवड्यांत करून दाखवलं." मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझे वडील त्यांच्या ओळखीचे. "वसंतरावांचा केयूर ना तू?" असं विचारलं, आणि मी लहान पोरासारखा हसलो.

मग सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मुक्ताबाईंना आत बोलावलं. "तुम्ही सांगा, हे बरोबर सांगतंय का." त्या पदर सारखा करून माझ्या मागं उभ्या राहिल्या. मी झाकून ठेवलेल्या मालांतले एक एक पडद्यावर दाखवत गेलो. नाव, वर्णन, मॉडेलचं उत्तर. बरोबर. बरोबर. बरोबर. मुक्ताबाई मान डोलवत होत्या. पाचव्या मालाला त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आवं, ह्ये वाक्य तर माझंच हाय!"

सगळे हसले. मालकही हसले. मीही हसलो. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ कळलेला मी एकटा होतो.

"मग, पास का?" सरांनी विचारलं.

"पास की," मुक्ताबाई म्हणाल्या. "हुबेहूब माझ्यावानी सांगतंय."

त्यानंतर सहावं पान होतं. मी बटण दोनदा दाबलं आणि सातव्यावर गेलो. कुणी मला धाक घातला नव्हता. कुणी लालूच दाखवली नव्हती. थाप पडलेली पाठ अजून गरम होती, एवढंच कारण. मी स्वतःला म्हणालो, उद्या सरांना एकट्याला गाठून सांगू. तो उद्या आला आणि गेला.

नऊ दिवसांनी कॅटलॉग विभाग बंद झाला. अविराज सर चांगल्या शब्दांत बोलले. कुणाला काढत नाही, इंदापूरच्या गोदामात पॅकिंगला जागा आहेत, ज्यांना जमेल त्यांनी जावं. सहाजणींतल्या धोंडाबाई, बारामतीच्याच, म्हणाल्या, "पंचावन्न किलोमीटर जाऊन खोकी बांधू व्हय?" आणि पर्स उचलून निघून गेल्या. आणखी तिघी त्यांच्या मागं गेल्या. मुक्ताबाई आणि प्रतिक्षा, दोघीच इंदापूरला जायला तयार झाल्या. मुक्ताबाईंना घरी बसून चाललं असतं. पण मग सासू जिंकली असती.

जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, आमचं काय चुकलं का? म्हंजी काम कुठं कमी पडलं का?"

"नाही हो," मी म्हणालो. "मशीनच फार चांगलं निघालं."

हे वाक्य मी बोललो आहे. ते कुठं पुसता येत नाही.

पुढं काय झालं असेल ते कुणालाही कळेल. नवे माल यायला लागले, वर्णनाच्या जागी कोरं नाहीतर मोबाईल नंबर. आठ शब्दांचा नियम सरांनी काढून टाकला, कारण आता लिहिणारंच कुणी नव्हतं. मॉडेल अंधारात चाचपडल्यासारखं कप्पे वाटायला लागलं, आणि प्रत्येक उत्तर कुणी न पाहता थेट ॲपवर. तक्रारी यायला लागल्यावर मी अहवाल दिला, 'विक्रेते माहिती अपुरी भरतात.' खोटं नव्हतं ते. असल्या खऱ्या गोष्टी लिहायला मी आता पटाईत झालो होतो. गुपचूप मी फक्त नावावर शिकवलेलं मॉडेल बसवलं, त्यानं थोडं सावरलं. पण शंभरातले बत्तीस चुकायचेच, आणि ते बत्तीस पकडायला खुर्चीवर कुणी नव्हतं.

दोन महिन्यांनी इंदापूरच्या गोदामातून फोन आला. तणनाशकाची बाटली, नाव 'सफाचट १ लि.', मॉडेलनं 'घरातली स्वच्छता' या कप्प्यात टाकली होती. परवाना कुणी विचारला नाही. निमगावच्या एका बाईनं फरशी पुसायचं औषध समजून ती मागवली, सोबत दोन साबण आणि एक ब्रश. सगळं एका खोक्यात जायचं होतं. पॅकिंगच्या टेबलावर मुक्ताबाईंनी बाटली हातात घेतली, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि खोकं अडवून ठेवलं. सुपरवायझर म्हणाला ऑर्डर आहे, जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "तुज्या आयला द्येशील का फरशी पुसाया?"

अविराज सरांनी मला लगेच इंदापूरला पाठवलं. मुक्ताबाईंना सांग, म्हणाले, पॅकिंग करता करता चुकीचे माल बाजूला काढत जा आणि रोज यादी पाठवा. पद वगैरे काही नाही, असंच, कामातच.

गोदाम सोलापूर रस्त्याला, पत्र्याचं. दुपारचे अडीच वाजले होते, आत भट्टी पेटल्यासारखं तापलेलं. मुक्ताबाई उभ्या होत्या, कारण पॅकिंगच्या टेबलाला खुर्ची नसते. दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली, खोक्याच्या पुठ्ठ्यानं कापतं म्हणून. बारीक झाल्या होत्या. मला बघून मात्र तोंडभर हसल्या.

"या सर! प्रतिक्षा, पाणी आण गं सरास्नी." आणि मग कोपऱ्याकडं हात केला. तिथं चुकीच्या कप्प्यांतून आलेल्या मालाचा ढीग त्यांनी आधीच करून ठेवला होता, कुणी सांगायच्या आधी. प्रत्येकावर कागदाचा कपटा, बरोबर कप्प्याचं नाव लिहिलेला. मी सरांचा निरोप सांगायच्या आधीच काम झालेलं होतं.

मी पाणी प्यालो. त्या ढिगाकडं बघत म्हणाल्या, "सर, येक सांगा. आता वर्णन कोण लिव्हतंय?"

"कुणीच नाही. कोरंच असतं."

त्यांचा हात टेपवर थांबला. पाच सेकंद लागले असतील त्यांना, जास्त नाही. मला सहा आठवडे खपूनही त्या शुक्रवारपर्यंत कळलं नव्हतं.

"मग त्येला कळंल कसं?" त्या म्हणाल्या. "त्यो आमच्या वाक्यांवर शिकला आसंल. आमी आधी कप्पा ठरवायचो, मग वाक्य. वाक्य बघून कप्पा कुणीबी सांगंल, सर. त्यात काय हाय?"

मी ग्लास खोक्यावर ठेवला.

"म्हंजी त्ये सत्त्याण्णव खरं नव्हतंच."

"नव्हतं."

"तुमाला ह्ये कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'आत्ता, तुम्ही म्हणालात तेव्हा' एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यांनी विश्वास ठेवला असता, वर कौतुकही केलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता, जसा वर्गातल्या पोराला 'कळलं का' विचारतात तसा. पण अंगठ्यांवरच्या त्या पट्ट्यांकडं माझं लक्ष गेलं आणि तोंडातून खरं बाहेर आलं.

"मीटिंगच्या आधी. चार दिवस आधी."

प्रतिक्षानं मान खाली घातली. पलीकडं कुणीतरी खोकं ओढत होतं. मी वाट बघत होतो की त्या आता झापतील. दुकानदारांना झापायच्या तसं, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं. झापलं असतं तर फार बरं झालं असतं.

"धोंडाबाई माज्यासंगं बोलत न्हाय आता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हनली, तूच त्याच्या शेजारी बसून शिकीवलंस आन् आमच्या समद्यांच्या पोटावर पाय आणलास. त्यो पोरगा लबाड हाय, त्याला समदं म्हायती व्हतं. मी म्हनलं, न्हाय. केयूर सर तसं न्हाईत. त्यास्नी ठावं असतं तर बोलले असते. तिला पटंना. मग मी छकुलीला म्होरं उभी केली, तिच्या डोक्यावर हात ठिवला आन् शपथ घिऊन सांगितलं. पोराला म्हायती नव्हतं म्हणून."

मी "मुक्ताबाई..." म्हणालो.

त्यांनी ऐकलंही नाही. पट्ट्या बांधलेल्या अंगठ्यानं त्यांना मोबाईल नीट उघडेना, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. माझ्याकडं पाठ करून त्या भिंतीशी गेल्या.

"छकुले? घरी हायस का? ...काय न्हाय, असंच केला फोन. बरी हायस न्हवं? ...आगं सांग की नीट. ताप-बिप काय न्हाय न्हवं अंगात? ...हात लावून बघ कपाळाला. बघ, मी थांबते."

आणि त्या फोन कानाला लावून थांबल्या.